धापेतला आकडा आणि खरा रक्तदाब

रक्तदाब हा उंचीसारखा ठरलेला आकडा नाही. हृदयाच्या ठोक्यागणिक तो थोडा थोडा बदलत असतो. गाढ झोपेत तो उतरतो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो, जिना चढताना, वादावादीत, दाढ ठणकत असताना वर जातो आणि कारण सरले की पुन्हा खाली येतो. धडधाकट माणसाचा वरचा आकडा एकाच दिवसात १०५ आणि १५० ही दोन्ही टोके गाठून येऊ शकतो आणि त्यात काहीही बिघडलेले नसते. उच्च रक्तदाब हा आजार वेगळा आहे. माणूस निवांत बसलेला असताना, घाई नाही, दुखणे नाही, अशा वेळीही धमन्यांतला दाब दिवसामागून दिवस वरच राहतो, तेव्हा त्याला हे नाव लागते. अडचण अशी की दंडाला पट्टा बांधून एकदाच पाहिलेला आकडा या दोहोंपैकी कशाचा आहे, हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते.

धमन्यांतला दाब मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, आणि शरीरभर पसरलेल्या बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत. भीती, वेदना किंवा धावपळ यांपैकी काहीही झाले की मेंदूतून निघालेले मज्जातंतू आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून सुटणारे अ‍ॅड्रेनलिन या दोन्ही गोष्टी काही सेकंदांत बदलून टाकतात. ठोके जोरात आणि भरभर पडू लागतात, बारीक धमन्या आखडतात, दाब चढतो. संकटात पळता यावे किंवा उभे ठाकता यावे म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब जोखणाऱ्या पेशी असतात. कारण संपले की त्यांच्या इशाऱ्यावरून दाब पूर्ववत होतो. खऱ्या उच्च रक्तदाबात हीच यंत्रणा वाढलेल्या दाबालाच ‘नेहमीचा’ समजू लागते आणि तो तिथेच राखते.

धावपळ, चिंता आणि वेदना या तिघांची चाल मात्र सारखी नाही आणि हा फरक ओळखता येतो.

धावपळीने वाढलेला दाब सर्वांत लवकर उतरतो. भरभर चालताना किंवा जिना चढताना मुख्यतः वरचा आकडा वाढतो. खालचा जवळजवळ आहे तिथेच राहतो, कारण काम करणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या त्या वेळी रुंदावतात. स्वस्थ बसल्यावर पाच-दहा मिनिटांत वरचाही खाली येतो. पुष्कळदा तर व्यायामानंतर काही वेळ दाब नेहमीपेक्षाही कमी असतो. म्हणूनच ‘दोन जिने चढून आलो’ हे कारण वरच्या आकड्याला आणि पहिल्या काही मिनिटांनाच लागू पडते. दहा मिनिटे बसल्यावरही खालचा आकडा १०० च्या आसपास असेल, तर त्याचे खापर जिन्यावर फोडता येत नाही.

चिंता दोन्ही आकडे वाढवते आणि तिचे कारण बहुधा समोरच असते : डॉक्टर, दवाखाना, सुईचा वास, आणि खुद्द तो फुगणारा पट्टा. इटलीत मिलान इथे ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अगदी जवळून पाहिले. रुग्णालयात दाखल असलेल्या ४८ जणांच्या धमनीत बारीक नळी ठेवून त्यांचा रक्तदाब सलग नोंदला जात होता. डॉक्टर खाटेपाशी येऊन पट्टा बांधू लागला की दाब लगेच चढू लागे. पहिल्या चार मिनिटांत तो शिखराला पोहोचे. सरासरी वाढ होती वरच्या आकड्यात सुमारे २७ आणि खालच्यात सुमारे १५. डॉक्टर तिथेच थांबला तरी दहा मिनिटांच्या आसपास बरीचशी वाढ ओसरून जाई. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे ही वाढ सर्वांत सारखी नव्हती. काहींचा दाब जेमतेम हलला, काहींचा खूप उसळला, आणि कोणाचा किती उसळेल हे वय किंवा मूळचा रक्तदाब पाहून सांगता येत नव्हते. नंतरच्या पाहणीत परिचारिकेने दाब मोजला तेव्हा हीच उसळी बरीच कमी दिसली. वैद्यकात या प्रकाराला ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ असे नाव पडले आहे. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. ‘मला तर डॉक्टरांची मुळीच भीती वाटत नाही’ असे मनापासून म्हणणाऱ्यांचाही दाब उसळतो, कारण ही उसळी जाणिवेच्या परवानगीची वाट पाहत नाही.

वेदनेची गोष्ट अधिक अवघड आहे. ती दाब वाढवते हे प्रयोगाने सहज दिसते : हात बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवला की गारठ्याच्या वेदनेने बहुतेकांचा दाब चढतो, हात बाहेर काढला की उतरतो. पण दाढदुखी, मुतखडा, मोडलेले हाड यांत वेदना तासन्‌तास, दिवसेंदिवस चालते आणि दाबही तितका वेळ वर राहतो. इथे दहा मिनिटे बसून भागत नाही. आधी दुखणे थांबवावे लागते, मग मोजावे लागते. त्यात आणखी एक गुंता आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सलग घेतल्या तर शरीरात मीठ आणि पाणी साठते आणि त्यांनीही दाब थोडा वाढतो. म्हणजे दुखणे गेले तरी गोळ्यांचा परिणाम मागे राहू शकतो. तुंबलेली लघवी हे वेदनेचेच एक सौम्य रूप. तेवढ्यानेही वरचा आकडा दहाएकाने फुगतो आणि हे दवाखान्यात कोणी विचारतही नाही.

या तिन्ही कारणांशिवाय आकडा फुगवणारे चौथे कारण म्हणजे चुकीची मोजणी. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असेल, तर दर दहा सेंटीमीटरमागे सात-आठ अंक जास्त दिसतात. हा निव्वळ रक्ताच्या स्तंभाचा भार असतो. मोजताना बोलत राहिले तर सुमारे दहा अंकांची भर पडते, आणि गर्दीच्या दवाखान्यात तर पट्टा फुगत असतानाच ‘काय त्रास होतोय?’ हा प्रश्न येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब पाच ते वीस अंकांनी जास्त दिसू शकतो. घरगुती यंत्रासोबत मिळणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाला चालतो. त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. मनगटाला बांधायच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र अधिक भरवशाचे.

बरोबर मोजणे अवघड नाही, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, मिसरी, सिगारेट आणि श्रम टाळायचे, लघवीला जाऊन यायचे, मग पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटे गप्प बसायचे. पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, बाही वर सरकवून पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर टेकवलेला. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोन-तीनदा मोजायचे. पहिली नोंद बहुधा सर्वांत जास्त असते. ती एकटीच कागदावर उतरली तर ते अर्धसत्य ठरते.

हे सारे प्रत्यक्षात कसे जुळवायचे, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. दंतवैद्याच्या दवाखान्यात एकाच संध्याकाळी दोघे जण दाढ काढायला आले आहेत, असे समजू. पहिली ४४ वर्षांची शिक्षिका. दोन रात्री दाढेने झोपू दिलेले नाही, चार दिवस वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, रिक्षातून उतरून दोन मजले चढून ती आली आहे आणि बसल्याबरोबर दंडाला पट्टा लागला आहे. आकडा १६८/१०२, नाडीचे ठोके मिनिटाला १०८. दुसरा ५२ वर्षांचा गृहस्थ. दाढ हलते आहे, दुखत फारशी नाही, तो अर्ध्या तासापासून बाकावर बसून आहे. त्याचा आकडा १६६/१००, ठोके ८४. ‘कामाचा ताण आहे, बाकी काही नाही. कुठेही मोजला तरी असाच येतो,’ असे तो सांगतो. त्याच्या या दुसऱ्या वाक्यातच खरे निदान दडलेले आहे, पण ऐकणारे बहुतेक जण पहिलेच वाक्य ऐकतात.

दहा मिनिटे दोघांना शांत बसवून पुन्हा मोजल्यावर शिक्षिकेचा आकडा १५२/९४ वर आला, ठोके ९० वर. गृहस्थाचा १६२/९८. शिक्षिकेची धावपळ उतरली आहे. वेदना, गोळ्या आणि धास्ती अजून बाकी आहेत. गृहस्थाच्या बाबतीत उतरण्यासारखे फारसे काही नव्हतेच. तरीही या घटकेला दोघांपैकी कोणाबद्दलही निकाल देता येत नाही. १८०/११० च्या वर आकडा असेल तर दाढ काढण्यासारखे तातडीचे नसलेले काम बहुधा पुढे ढकलले जाते. इथे तशी वेळ आलेली नाही, आणि वेदनेचे मूळ काढून टाकणे हाच शिक्षिकेचा दाब उतरवण्याचा सरळ मार्ग आहे.

निकाल लागतो तो घरी. दाढ काढून, गोळ्या थांबून दहा दिवस झाल्यावर दोघांनी सात दिवस रक्तदाबाची वही ठेवली : सकाळी उठून, लघवी उरकून, चहाच्या आधी दोन नोंदी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन. असे २८ आकडे जमतात. पहिल्या दिवशी यंत्राची नवलाई आणि धाकधूक असते म्हणून त्या दिवसाचे चार सोडून द्यायचे. उरलेल्या २४ ची सरासरी काढायची. ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर रक्तदाब खरोखर वाढलेला मानतात. दवाखान्यातली सीमा १४०/९० आहे. घरी माणूस अधिक निवांत असतो म्हणून घरची सीमा पाच अंकांनी खाली धरली आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ पासून १३०/८० ही अधिक कडक सीमा स्वीकारली. त्यामुळे एकाच वहीवर दोन डॉक्टरांची मते वेगळी पडू शकतात, पण इथल्या दोघांपुरता त्याने फरक पडत नाही.

शिक्षिकेच्या वहीत बावीस नोंदी १२४/७८ च्या आसपास आहेत. एका रात्री मात्र घरात मोठा वाद झाला आणि लगेच मोजल्यावर १४८/९० आणि १४४/८८ आले. अशा वेळी माणूस घाबरून जातो, पण हिशेब केला तर चोविसांची सरासरी १२६/७९ भरते. एका रात्रीच्या उसळीने सरासरी दोन अंकांनी सरकली, एवढेच. सरासरीचा उपयोग नेमका इथे आहे : खरी उसळी लपवायची नाही, पण तिला तिच्या मापाइतकेच महत्त्व द्यायचे. हाच आकडा पाहून तिने रात्रभरात वीसदा मोजले असते, तर मोजण्याच्या धास्तीनेच दाब चढत राहिला असता आणि वहीला काही अर्थ उरला नसता. म्हणून मोजायचे ते ठरल्या वेळी, ठरल्या इतकेच. मनाला वाटले, डोके जड झाले, छाती धडधडली म्हणून मोजलेले आकडे या सरासरीत धरत नाहीत.

गृहस्थाची सरासरी १४७/९३ आली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे त्याच्या चोवीस नोंदींतली सर्वांत कमी नोंदही १३८/८८ होती. तात्पुरत्या वाढीला शिखर असते आणि तळही असतो. शांत वेळी आकडा तळाला जाऊन टेकतो. खऱ्या उच्च रक्तदाबात तळच उचललेला असतो. रविवारी सकाळी, पेपर वाचून झाल्यावर, कुठलीच घाई नसतानाही तो खाली येत नाही. वहीत कमाल आकडे शोधण्यापेक्षा किमान आकडे पाहणे किती तरी उपयोगाचे, पण नजर नेमकी मोठ्या आकड्यांवर अडकते.

वहीने निर्णय होत नसेल, आकडे सीमेवर रेंगाळत असतील, किंवा घरी मोजायचे म्हटले तरी धडधड होत असेल, तर चोवीस तास बांधून ठेवायचे यंत्र उपयोगी पडते. कमरेला लहानशी पेटी, दंडाला पट्टा. दिवसा आणि रात्री दर वीस-तीस मिनिटांनी ते आपोआप मोजत राहते. त्याचे खरे मोल झोपेतल्या नोंदींत आहे. झोपेत ना डॉक्टर समोर असतो, ना चिंता. निरोगी माणसाचा दाब त्या वेळी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक राहिली तर ‘ताणामुळे वाढला’ हे म्हणणे टिकत नाही.

शरीरही आपली साक्ष ठेवते. अधूनमधून तासभर चढणारा दाब अवयवांवर सहसा खूण सोडत नाही; वर्षानुवर्षे वाढलेला दाब सोडतो. गृहस्थाच्या हृदयाच्या आलेखात डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याची चिन्हे दिसली आणि लघवीत प्रथिनाचे थोडे प्रमाण सापडले. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाहूनही अशी साक्ष मिळते. या तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणून उच्च रक्तदाब नाहीच असे ठरत नाही, कारण सुरुवातीच्या काळात खुणा उमटलेल्या नसतात. पण खुणा उमटल्या असतील, तर त्यांचे खापर दवाखान्यातल्या धास्तीवर फोडता येत नाही.

लक्षणांवर विसंबणे मात्र दोन्ही बाजूंनी फसवते. धडधड, कापरे, घाम, डोके हलके होणे ही बहुधा अ‍ॅड्रेनलिनची लक्षणे आहेत आणि ती तात्पुरत्या वाढीत ठळक असतात. खरा उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे गप्प असतो. त्यामुळे ज्याला जास्त जाणवते तो घाबरून दवाखाने पालथे घालतो आणि ज्याला काहीच जाणवत नाही तो ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळी टाळतो. नाडीचे ठोकेही अर्धीच गोष्ट सांगतात. ते वाढलेले असतील तर घाई-धास्तीचा संशय घ्यायला जागा आहे. नेहमीसारखे असतील तरी वेदनेने धमन्या आखडलेल्या असू शकतात. डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड यांचे झटके वारंवार एकत्र येत असतील आणि त्या वेळी दाब खूप चढत असेल, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली विरळ गाठ शोधण्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. असे रुग्ण क्वचित सापडतात, पण त्यांना ‘घाबरट’ ठरवून घरी पाठवण्याची चूक महागात पडते.

‘ताणामुळे वाढला’ हे स्पष्टीकरण किती जपून वापरावे, हे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून शिकायला मिळते. तिथे दुखापत किंवा वेदना घेऊन आलेल्या ज्यांचा दाब वाढलेला आढळला, त्यांतल्या बऱ्याच जणांचा दाब नंतर घरी निवांतपणे मोजल्यावरही वाढलेलाच आढळला आहे. वेदनेने आकड्यात भर घातली हे खरे, पण खालचा पाया आधीच उंच होता. वाढलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. तसेच कारण सापडले म्हणजे प्रश्न मिटला असेही नव्हे. कारण सरल्यावर पुन्हा मोजेपर्यंत प्रश्न उघडाच राहतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे आकडा पाहून लगेच तो खाली खेचणे. एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याचा प्रघात सर्रास होता. दाब झटकन उतरे, पण कधी इतका की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येई. म्हणून ती पद्धत सोडून दिली गेली. १८०/१२० च्या वरचा आकडा आणि जोडीला छातीत दुखणे, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे किंवा भ्रम यांपैकी काही असेल, तर दहा मिनिटे बसून पाहण्याची ती वेळ नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. तेवढाच आकडा असून यांतले काहीही नसेल, तर आधी शांत बसवून, दुखणे आवरून पुन्हा मोजतात. आकडा तरीही वरच राहिला तर गोळ्यांनी तो तासाभरात नव्हे, काही दिवसांत हळूहळू उतरवला जातो, आणि डॉक्टरांकडची फेरतपासणी लांबवली जात नाही.

शिक्षिकेला गोळी लागली नाही. पण ज्यांचा दाब दवाखान्यात उसळतो, त्यांच्यात पुढे खरा उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तिने वर्षातून एकदा आठवडाभर वही ठेवायची, असे ठरले. गृहस्थाला गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी त्याची घरची सरासरी १२८/८० होती आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात आकडा आला १५०/९०, म्हणजे खऱ्या आजाराच्या वर दवाखान्यातली उसळीही त्याच्यात होतीच. केवळ दवाखान्यातला आकडा धरला असता, तर त्याची मात्रा वाढली असती आणि घरी उठता-बसता घेरी आली असती. वही सोबत आणली होती म्हणून गोळी आहे तेवढीच ठेवली गेली.